मुठीएवढी खिचडी, अंगठ्याएवढं तेल

ताटात दोन पोळ्या, वाटीभर आमटी आणि एक भाजी असली, की हिशोब सोपा असतो. पोळ्या मोजता येतात, वाटी डोळ्यांसमोर असते. खिचडी, मसालेभात किंवा बिर्याणी ताटात आली, की हाच हिशोब अडतो. तांदूळ किती, डाळ किती, फोडणीला तेल किती पडलं, हे सगळं एकमेकांत मिसळून गेलेलं असतं. हाताच्या मापांवर लिहिलेले लेख बहुतेक वेळा भाताचा वेगळा ढीग आणि चिकनचा वेगळा तुकडा गृहीत धरतात. आपल्याकडे हे दोन्ही एकाच पातेल्यात शिजतात. म्हणून या प्रकरणात हाताची मापं अशा मिसळलेल्या पदार्थांना कशी लावायची, ते पाहू.

मुद्दा थोडक्यात असा: हाताने फक्त आकारमान कळतं. खिचडीतल्या कॅलरी मात्र आकारमानापेक्षा दोन गोष्टींवर ठरतात. पाणी किती आणि तेल-तूप किती. पाण्याला कॅलरी नाही, पण ते जागा व्यापतं. तेल जागा जवळजवळ व्यापत नाही, पण एका ग्रॅममागे ९ कॅलरी देतं. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनं देतात ४. (बोलीभाषेत आपण जिला कॅलरी म्हणतो ती शास्त्रातली किलोकॅलरी, इथेही तोच अर्थ घ्यावा.) मुठीने मोजलेल्या आकाराला या दोन दुरुस्त्या केल्या, की अंदाज कामापुरता नेमका होतो.

आधी आपला हात मोजून घ्या

तीन मापं पुरेशी आहेत. वळलेली मूठ भात, खिचडी, भाजी यांच्यासाठी. बोटं सोडून तळहात, तेवढ्याच लांबी-रुंदीचा आणि जाडीचा, मांस-मासळी-पनीर यांच्यासाठी. आणि अंगठा तेल-तुपासाठी: टोकाचं एक पेर म्हणजे छोटा चमचा, ५ मिलिलिटर, ४० कॅलरी, पूर्ण अंगठा म्हणजे मोठा चमचा, १५ मिलिलिटर, १२० कॅलरी.

इथे एक गफलत हमखास होते. माप ‘मूठभर’ नाही, ‘मुठीएवढं’ आहे. मुठीत मावेल तेवढा भात हा फार थोडा असतो. इथे ताटातला ढीग वळलेल्या मुठीशेजारी धरून, दोन्ही सारख्या आकाराचे दिसतात का ते पाहायचं आहे.

प्रत्येकाची मूठ वेगळी, म्हणून ती एकदा मोजावी. परातीत एक पातेलं ठेवा आणि ते काठोकाठ पाण्याने भरा. मूठ वळून मनगटाच्या रेघेपर्यंत सावकाश बुडवा. परातीत सांडलेलं पाणी औषधाच्या किंवा स्वयंपाकाच्या मापाने मोजा. ते आपल्या मुठीचं आकारमान. लहानखुऱ्या बाईची मूठ २०० मिलिलिटरच्या आसपास भरेल, धिप्पाड पुरुषाची ३०० च्याही पुढे जाऊ शकते. याच वेळी घरातली रोजची वाटीही पाण्याने मोजून ठेवा, कारण स्टीलच्या वाट्या १०० मिलिलिटरपासून २०० पर्यंत कुठल्याही मापाच्या असतात. पुढच्या सगळ्या उदाहरणांत वाटी १५० मिलिलिटरची आणि मूठ २२५ मिलिलिटरची, म्हणजे दीड वाटीएवढी, धरली आहे. तुमची मूठ मोठी असेल तर आकडे त्या प्रमाणात वाढवा.

तुलनेसाठी एक पाया हवा. साधा, मोकळा शिजलेला भात मुठीएवढा घेतला, तर तो साधारण १५० ग्रॅम भरतो आणि त्यात २०० कॅलरी असतात. हा २०० चा आकडा पाठ करावा. बाकीचे पदार्थ त्याच्या वर किंवा खाली बसवायचे.

एकच खिचडी, तीन आकडे

आता मुगाच्या डाळीची खिचडी पातेल्यापासून मोजू. चौघांच्या घरातलं नेहमीचं प्रमाण: एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, फोडणीला दोन मोठे चमचे तेल, एक कांदा, एक टोमॅटो, थोडा मटार.

तांदूळ आणि डाळ यांचा हिशोब वेगळा करायची गरज नाही. कोरड्या धान्याच्या आणि डाळीच्या १०० ग्रॅममध्ये जवळपास सारख्याच, साडेतीनशेच्या आगेमागे, कॅलरी असतात. दीड वाटी कोरडा जिन्नस सुमारे १९० ग्रॅम भरतो, म्हणजे ६५० कॅलरी. दोन मोठे चमचे तेल म्हणजे २४०. भाज्यांच्या सगळ्या मिळून ५०. एकूण ९४०. मीठ, हळद, जिरं यांचा हिशोब धरायचं कारण नाही.

हा ९४० चा आकडा पाण्याने बदलत नाही. बदलतो तो एका मुठीतला वाटा. दीड वाटी जिनसाला दुप्पट, म्हणजे तीन वाट्या पाणी घातलं, तर मोकळी, घट्ट खिचडी होते आणि पातेल्यात तीन मुठी भरतात. एका मुठीत ३१० कॅलरी. तिप्पट पाणी घातलं, तर रोजची मऊ खिचडी होते, चार मुठी भरते आणि मुठीमागे २३५ पडतात. पाचपट पाणी घालून आजाऱ्याला देतात तशी पातळ खिचडी केली, तर जवळपास सहा मुठी होतात आणि मुठीमागे १६०. पहिल्या आणि शेवटच्या खिचडीत दुपटीचा फरक आहे आणि जिन्नस तोच आहे. ‘एक वाटी खिचडीत इतक्या कॅलरी’ असे जे तक्ते फिरतात, त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. त्याचं मोठं कारण हेच.

पातेलं दुसऱ्याच्या घरचं असेल, तर पाणी किती पडलं हे ताटातच ओळखावं लागतं. गरम खिचडी वाढल्यावर तिचा ढीग जसाच्या तसा उभा राहिला, तर ती दुप्पट पाण्याची. ढीग हळूहळू बसला, कडा पसरल्या, पण ताटाच्या काठापर्यंत गेल्या नाहीत, तर तिप्पट. डाव रिकामा होताच ती वरणासारखी पसरली, तर पाचपट. ही पारख गरम असतानाच करायची. खिचडी गार झाली, की दाणे मोकळं पाणी शोषतात आणि पातळ खिचडीही घट्ट दिसू लागते. पाणी कुठे गेलेलं नसतं, ते दाण्यात मुरलेलं असतं. म्हणून रात्रीची खिचडी सकाळी दगडासारखी दिसली, तरी मुठीमागचा आकडा जवळपास तोच राहतो. उलट, ती गरम करताना पाणी घातलंत, तर मुठीमागच्या कॅलरी कमी होतात.

वरून सोडलेलं तूप या हिशोबात नाही. ते वेगळं धरायचं: अंगठ्याच्या पेराएवढं म्हणजे ४०, अंगठ्याएवढं म्हणजे १२०. तुपाची धार चमच्याने पडते की भांड्यातून थेट, यावर शंभर कॅलरींचा फरक सहज पडतो.

स्वतः रांधणाऱ्याला तर मुठीचीही गरज नाही. पातेल्यात टाकतानाच कोरडा जिन्नस आणि तेलाचे चमचे मोजले, एकूण आकडा काढला, आणि खिचडी किती डावांत संपते हे एकदा मोजलं, की डावामागचा आकडा कायमचा मिळतो. ९४० कॅलरींची खिचडी बारा डावांत संपत असेल, तर डावाला ७८. घरातलं प्रमाण आणि डाव बदलत नाही, तोवर हा आकडा कुठल्याही तक्त्यापेक्षा भरवशाचा.

नाव सारखं, हिशोब वेगळा

उपासाच्या दिवशी मात्र हे आकडे वापरू नयेत. साबुदाण्याच्या खिचडीत पाणी जवळजवळ नसतंच. साबुदाणा भिजताना साधारण स्वतःच्या वजनाएवढंच पाणी पितो आणि शिजवताना वर पाणी घालत नाहीत. शिवाय दाण्याचा कूट हा निम्मा तेलच असतो.

एक वाटी कोरडा साबुदाणा ४०० कॅलरींचा. अर्धी वाटी कूट २२० चा. एक मध्यम बटाटा ७५ चा. दोन मोठे चमचे तूप २४० चं. बेरीज ९३५. मुगाच्या खिचडीएवढीच झाली. पण ती चार मुठींत वाटली गेली होती, ही जेमतेम सव्वादोन मुठी भरते. मुठीमागे ४०० च्या वर. म्हणजे मुठीएवढी साबुदाण्याची खिचडी ही मुठीएवढ्या साध्या भाताच्या दुप्पट. उपासाला ती बशीभर घेणारा माणूस बहुतेक वेळा दीड मूठ घेतो. त्याच्या पोटात पूर्ण जेवणाएवढ्या कॅलरी गेलेल्या असतात.

यावरून एक नियम हाती लागतो. पदार्थ शिजताना पाणी पितो की तेल, हे आधी विचारावं. पाणी पिणारे पदार्थ (मऊ किंवा पातळ खिचडी, लापशी, पेज) मुठीमागे २५० च्या आत राहतात. कोरडे, तेला-तुपावर परतलेले किंवा कूट-खोबऱ्याचे पदार्थ ३०० ते ४०० मध्ये किंवा त्याच्याही वर जातात.

बिर्याणी: थर, हाडं आणि न दिसणारं तेल

बिर्याणीत तीन अडचणी एकदम येतात. भातात तेल मुरलेलं असतं, तुकड्यांत हाड असतं, आणि पातेल्यातला वरचा थर व तळचा थर सारखे नसतात. म्हणून इथे भात आणि मांस मनातल्या मनात वेगळं करावं लागतं.

घरच्या चिकन बिर्याणीचं एक सरासरी प्रमाण घेऊ. अर्धा किलो बासमती, हाडासकट पाऊण किलो चिकन, २०० ग्रॅम दही, तीन-चार कांदे, आणि कांदा तळण्यात, मसाल्यात व दम देताना मिळून १०० मिलिलिटर तेल-तूप. तांदळाच्या १७५०, तेल-तुपाच्या ८२०, दही-कांद्याच्या ३००. हाडं वगळून मांस अर्धा किलोच्या आसपास उरतं, त्याच्या ६५०. एकूण साडेतीन हजार.

आता हे वाटून टाकू. मसाल्यासकट भात साधारण दहा मुठी होतो. भात, तेल, दही, कांदा यांची बेरीज २८७० आहे, म्हणजे मुठीमागे सुमारे २९०. मांस शिजून आटतं आणि चार तळहात भरतं, म्हणजे तळहातामागे १६०. बिर्याणीचे हे दोन आकडे लक्षात ठेवले, की पुरे. यातून एक गोष्ट दिसते, जी बऱ्याच जणांना उलटी वाटते: बिर्याणीतल्या कॅलरी मुख्यतः चिकनमुळे नसतात, भातामुळे आणि त्यात मुरलेल्या तेलामुळे असतात. बिर्याणी कमी करायची म्हणून तुकडे बाजूला ठेवून भात खाणारा चुकीची गोष्ट कमी करत असतो.

हाडाचं काय? तुकडा हाडासकट तळहाताएवढा दिसला, तर मांस अर्ध्या-पाऊण तळहाताचंच धरा. खात्री करायची असेल, तर जेवण झाल्यावर ताटात उरलेल्या हाडांचा ढीग पाहून तेवढा आकार वजा करा.

थरांचा मुद्दा जास्त महत्त्वाचा. दम दिलेल्या बिर्याणीत मसाला, तेल आणि मांसाचा रस तळाशी उतरतो. वरचा भात पांढरा आणि तुलनेने कोरडा राहतो. वाढणारा कडेने उभा काप घेऊन तळापर्यंत गेला, तर वाढप सरासरीच्या जवळ येते. त्याने वरचा वरचा भात उचलला, तर मुठीमागे २३०-२४० धरावेत. पातेलं संपत आल्यावर तळचा मसालेदार भात ताटात आला, तर ३५० धरले तरी जास्त नाहीत. ताटात पांढरे दाणे किती आणि मसाला लागलेले किती, हे पाहिलं की आपला घास पातेल्याच्या कुठल्या थरातला, ते कळतं.

तेलाचा अंदाज बोटांनी येतो. रश्श्यावर तवंग दिसतो, बिर्याणीवर दिसत नाही, कारण भात तेल पिऊन बसतो. दोन-चार दाणे अंगठा आणि तर्जनीत चोळून पाहा. बोटं ओलसर आणि चिकट लागली, तर ते भाताचं स्टार्च, म्हणजे बेताचं तेल. बोटं गुळगुळीत होऊन चकाकली, आणि जेवणानंतर ताटाच्या तळाशी पिवळसर तेलाची कड उरली, तर प्रत्येक माणसामागे एक अंगठा, म्हणजे १२० कॅलरी, वर धरायच्या.

आता हॉटेलातली एक प्लेट मोजू. भात तीन मुठी: ८७०. दोन मध्यम तुकडे, मिळून एक तळहात मांस: १६०. ताटाला तेलाची कड सुटली होती, म्हणून एक अंगठा: १२०. सोबत वाटीभर रायतं: ६० ते ७०. तीळ-शेंगदाण्याचं सालन अर्धी वाटी: शंभरच्या वर. बेरीज तेराशेच्या जवळ. हा आकडा अकराशे ते पंधराशेच्या दरम्यान कुठेही असू शकतो, पण तो पाचशे नक्की नाही. अंदाजाचा उपयोग एवढाच, आणि एवढाच पुरेसा.

ताटाचे भाग कुठे मदत करतात

ताटाचा नियम सगळ्यांना ठाऊक असतो: अर्ध्यात भाज्या, पाव भागात धान्य, पाव भागात डाळ किंवा मांस-मासळी. त्यातून प्रमाण कळतं, रक्कम कळत नाही. मोठ्या थाळीतला पाव भाग आणि लहान बशीतला पाव भाग यांत दुपटीचा फरक असतो, आणि ढिगाची उंची वर्तुळात दिसतच नाही. म्हणून रक्कम मुठीने ठरवावी आणि प्रमाण ताटाने.

मिसळलेला पदार्थ कुठल्या भागात ठेवायचा, तर तो ज्यांचा बनला त्या सगळ्या भागांत. दोनास एक प्रमाणातली खिचडी तांदळाचा पाव भाग पूर्ण घेते आणि डाळीच्या भागातही शिरते. म्हणून ती अर्धं ताट व्यापते असं धरावं आणि उरलेलं अर्धं ताट भाजी-कोशिंबिरीला द्यावं. पण डाळीचा भाग खिचडीने भरून निघत नाही. वर मोजलेल्या चार मुठींच्या खिचडीत डाळ होती जेमतेम साठ-पासष्ट ग्रॅम. तांदूळ धरून मुठीमागे सहा-सात ग्रॅम प्रथिनं. तळहाताएवढ्या चिकनमध्ये याच्या साडेतीनपटीहून जास्त असतात. तेव्हा खिचडीसोबत वाटीभर दही, कढी किंवा एखादं अंडं लागतं. तांदूळ-डाळ समसमान घेतली, तर मुठीमागच्या कॅलरी जवळपास तशाच राहतात आणि प्रथिनं वाढतात.

बिर्याणीच्या ताटात दीड मूठ भात, एक तळहात मांस, आणि अर्धं ताट भरून काकडी-टोमॅटो व दह्यातली कोशिंबीर. हिशोब: ४३५ अधिक १६० अधिक सुमारे ९०, म्हणजे सातशेच्या आत. हॉटेलातल्या प्लेटच्या जवळपास निम्मा. मांस तेवढंच आहे. कमी झाला तो भात आणि त्यात मुरलेलं तेल.

अंदाज चुकतोय हे कसं ओळखावं

हाताच्या अंदाजात वीस-पंचवीस टक्के इकडेतिकडे होणारच. ही चूक दोन्ही बाजूंना सारखी झाली, तर आठवड्याभरात भरून निघते. अडचण होते ती एकाच बाजूला झुकलेल्या चुकीची, आणि ती बहुतेक वेळा तेलाची असते. फोडणीचं तेल कोणीच नीट मोजत नाही.

त्याला एक सोपा पडताळा आहे. तेलाचा डबा किंवा पिशवी उघडली, की त्यावर तारीख लिहा. संपली, की दिवस मोजा. चौघांच्या घरात महिन्याला तीन लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज २५ मिलिलिटर, म्हणजे २०० कॅलरी. तूप, लोणी आणि बाहेरचं खाणं त्यावर वेगळं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये काढलेल्या आहार मार्गदर्शिकेत २००० कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात तेल-तूप २७ ग्रॅम धरलं आहे. तुम्ही ताटागणिक धरलेले अंगठे दिवसाला दोन, आणि डबा सांगतो तीन, तर डबा खरा. पुढच्या महिन्यात घरच्या प्रत्येक भाता-खिचडीच्या मुठीमागे थोडी वाढ करा.

दुसरा पडताळा वजनकाट्याचा. तीन आठवडे तुमच्या हिशोबाने तुम्ही गरजेपेक्षा कमी खात आहात आणि वजन मात्र वर चाललंय, तर काटा बिघडलेला नसतो. आधी तेल तपासा, मग मुठी दाबून मोजता का ते तपासा. भात डावाच्या पाठीने दाबून ‘एक मूठ’ म्हणणं ही फार प्रचलित पळवाट आहे.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र हा अंदाज डोस ठरवायला वापरू नये. त्यांना पिष्टमय पदार्थांचे ग्रॅम मोजावे लागतात, आणि पातळ व घट्ट खिचडीतला दुपटीचा फरक तिथे धोक्याचा ठरू शकतो. त्यांनी डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांकडून मोजमाप शिकून घ्यावं.

बाकीच्यांनी या आठवड्यात एवढंच करावं: आपली मूठ आणि घरातली वाटी एकदा पाण्याने मोजावी, आणि पुढची खिचडी टाकताना तेल बाटलीतून न ओतता चमच्याने घालावं. मिसळलेल्या पदार्थाच्या हिशोबातली बरीचशी चूक त्या एका चमच्याने निघून जाते.